स्लेटच्या छपराची पारख

(हिमाचल प्रदेशाच्या अभ्यासदौऱ्यावर निघालेल्या ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या गटापुढे माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धौलाधार पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कांगडा खोऱ्यात आपण जाणार आहात. तेथील गावात शिरताच एक गोष्ट आपले लक्ष वेधून घेईल. ती म्हणजे घरांवरील, शाळांवरील आणि देवळांवरील करड्या-काळ्या दगडी पापुद्र्यांची छपरे. तिकडे अशा घराला ‘स्लेटपोश’ म्हणतात. आपल्याकडे ज्या दगडाची पाटी घेऊन आपल्यापैकी अनेकांनी ग म भ न गिरवले, त्याच जातीच्या दगडाने तेथे घरे शाकारली जातात. आज मी या छपराच्या एकाच अंगाविषयी बोलणार आहे. ते गळू लागले की नेमके काय बिघडले आहे, हे कसे ओळखावे? दगड बिघडला की खिळा, हे ज्याला ओळखता येत नाही, तो चांगले छप्पर उतरवून टाकतो किंवा धोक्याचे छप्पर मुलांच्या डोक्यावर तसेच ठेवतो. जुन्या शाळेचे छप्पर दुरुस्त करावे की पत्रे घालावेत, हा प्रश्न तेथील पंचायतीपुढे येतो. त्याचे उत्तर बहुधा या पारखीवरच अवलंबून असते.

दगड कसा आहे?

आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. हा दगड लाव्हारसापासून बनलेला असल्यामुळे तो फोडला तर त्याचे ढोके निघतात, पापुद्रे निघत नाहीत. स्लेटचा जन्म निराळा आहे. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साचलेला बारीक चिखल दगड बनतो. पुढे पर्वत निर्माण होताना त्यावर प्रचंड दाब येतो आणि आतील अभ्रकासारखी सूक्ष्म खनिजे एकाच दिशेने पसरून बसतात. त्यामुळे छिन्नीचा हलका घाव योग्य जागी बसला की दगड वहीच्या पानांसारखा सुटत जातो. धर्मशाळेजवळच्या खनियारा येथील स्लेटच्या खाणी फार जुन्या आहेत आणि खोऱ्यातील पुष्कळ छपरांचा दगड तेथून आलेला आहे. युरोपात याच व्यवसायासाठी उत्तर वेल्स प्रसिद्ध आहे. तेथील स्लेटच्या खाणींच्या परिसराचा युनेस्कोने २०२१ साली जागतिक वारसा यादीत समावेश केला.

चांगल्या स्लेटचे आयुष्य किती? शंभर वर्षे उलटून गेलेली आणि अद्याप पाणी अडवणारी छपरे वेल्समध्ये व इंग्लंडमध्ये सर्रास दिसतात. परंतु सर्व स्लेट सारखी नसते. चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा अंश ज्या दगडात जास्त असतो, तो हवेतील आम्लयुक्त पावसाने हळूहळू मऊ पडतो व त्याचे पापुद्रे सुटू लागतात. ज्या दगडात लोहमाक्षिकाचे, म्हणजे पिवळ्या चकचकीत पायराइटचे कण असतात, तो काही वर्षांनी गंजाचे ओघळ सोडतो. असा कण पूर्ण कुजला की त्या जागी आरपार भोक राहण्याचीही शक्यता असते.

दगडाची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागतेच असे नाही. स्लेट एका हाताने टोकाशी धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने ठोकावी. निर्दोष स्लेट घंटीसारखी स्वच्छ वाजते. तडा गेलेली अथवा पापुद्रे सुटू लागलेली स्लेट बद्द वाजते. मातीचे मडके घेताना गृहिणी जे करते, तेच हे आहे. दुसरी परीक्षा पाण्याची. स्लेट निम्म्यापर्यंत पाण्यात बुडेल अशी उभी करून एक दिवस ठेवावी. घट्ट दगडात ओलीची रेघ पाण्याच्या पातळीजवळच राहते, हलक्या दगडात ती वर चढत जाते. तिसरी परीक्षा शाळेच्या विज्ञान-कपाटातील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची. ताज्या फोडीवर दोन थेंब टाकले असता बुडबुडे जोरात आले, तर दगडात चुना आहे असे समजावे.

पाणी अडते ते कशामुळे?

स्लेटच्या छपरात सांधे भरलेले नसतात. तेथे चुना नसतो, सिमेंट नसते, डांबर नसते. शेजारशेजारच्या दोन स्लेटींमध्ये फट असते आणि त्या फटीतून पाणी खाली जाणारच, असे गृहीत धरूनच छप्पर रचलेले असते. म्हणून वरच्या ओळीतील फटीखाली खालच्या ओळीतील अखंड स्लेट येते. विटांच्या भिंतीत जशी सांधामोड असते, तशीच येथेही असते. शिवाय तिसऱ्या ओळीचा खालचा काठ पहिल्या ओळीच्या वरच्या काठावरही थोडा चढलेला असतो. म्हणजे छपराच्या कोणत्याही बिंदूवर निदान दोन स्लेटी असतात आणि काही पट्ट्यांत तीन असतात. या तिसऱ्या झाकणाला आपण ‘चढ’ म्हणू. साधारण उताराच्या छपरात तो सुमारे ७५ मिलिमीटर ठेवण्याचा प्रघात आहे.

हा चढ का लागतो? दोन ओल्या पाट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या चिकटतात आणि त्यांच्यामधील पाणी बाजूला व वरही सरकते, हे शिक्षकांनी वर्गात पाहिले असेल. छपरावर नेमके हेच घडते. फटीतून उतरलेले पाणी खालच्या स्लेटीवर पंख्यासारखे पसरते आणि वाऱ्याचा जोर असेल तर वरच्या दिशेनेही सरकते. उतार जितका कमी, तितके हे सरकणे जास्त. म्हणूनच मंद उताराच्या छपराला अधिक चढ आणि अधिक रुंद स्लेट द्यावी लागते. साधारण ३० अंशांचा उतार असेल तर नेहमीचा चढ पुरतो. उतार त्याहून बराच कमी करून तीच स्लेट त्याच चढाने बसवली, तर एकही स्लेट न सरकता, न फुटता छप्पर गळू लागते. ही चूक बांधणीची असते, तिला दुरुस्तीने उपाय नसतो.

यावरून रिपांमधील अंतर काढण्याचा हिशेब सोपा होतो. स्लेट मध्याजवळ खिळ्यांनी बसवायची असेल तर तिच्या लांबीतून चढ वजा करावा आणि उरलेल्याचा निम्मा भाग घ्यावा. स्लेट ५०० मिलिमीटर लांब आणि चढ ७५ असेल, तर ४२५ उरतात, त्याचे निम्मे म्हणजे सुमारे २१२ मिलिमीटर. एका रिपेपासून दुसऱ्या रिपेपर्यंत हेच अंतर राहते आणि प्रत्येक स्लेटीचा तेवढाच भाग आपल्याला बाहेरून दिसतो. म्हणजे अर्ध्याहून अधिक स्लेट नेहमी झाकलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण सरकलेली स्लेट ओळखण्याची खूण यातच आहे.

खिळा आणि भोक

हिमाचलात स्लेट फळ्यांवर किंवा रिपांवर खिळ्यांनी ठोकतात. देवदार मिळत असे तेव्हा रिपा देवदाराच्या असत. ते लाकूड सहसा कुजत नाही. चिडाच्या लाकडाला ओल व वाळवी लवकर लागते.

प्रत्येक स्लेटीला दोन भोके असतात. ती स्लेटीच्या पाठीकडून, म्हणजे जी बाजू खाली येणार तिकडून पाडायची असतात. पाठीकडून घाव घातला की समोरच्या तोंडावर दगडाची लहानशी कपची उडते व भोकाभोवती वाटीसारखा खळगा होतो. खिळ्याचे डोके या खळग्यात बसते आणि वरची स्लेट सपाट टेकते. भोक उलट्या बाजूने पाडले तर डोके वर राहते. वरची स्लेट त्या डोक्यावर डुगडुगते आणि कोणी पाय दिला की तेथेच फुटते.

खिळा ठोकण्याचेही एक शास्त्र आहे. खिळ्याने स्लेट दाबून धरायची नसते. स्लेट खिळ्यावर टांगलेली असली पाहिजे, भिंतीवर फोटो टांगतो तशी. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हात आकसते, परंतु दगड तसा हलत नाही. खिळा शेवटपर्यंत आवळून ठोकला, तर लाकूड हलताना सगळा ताण भोकाजवळच्या दगडावर येतो आणि स्लेट भोकापासून तडकते. उलट खिळा फार ढिला राहिला तर वाऱ्याने स्लेट खडखडते आणि भोक झिजून मोठे होते. डोके खळग्यात अलगद बसले की हातोडा थांबवायचा, हे चांगल्या कारागिराच्या हाताला कळते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दगड शंभर वर्षे टिकतो, पण साधा लोखंडी खिळा तेवढा टिकत नाही. स्लेटींच्या दरम्यान ओल अडकते आणि खिळा गंजतो. त्याचे डोके शाबूत दिसते, टोक लाकडात शाबूत असते, पण दगड आणि लाकूड यांच्या सांध्याजवळ तो सुईसारखा बारीक होतो. एके दिवशी तेथे तुटतो आणि निर्दोष स्लेट खाली घसरते. इंग्लंडमधील कारागीर याला ‘खिळ्यांचा आजार’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. तेथे यावर उपाय म्हणून तांब्याचे खिळे वापरले जातात. ज्याला तेवढा खर्च परवडत नाही, त्याने निदान जाड जस्तलेपाचे खिळे वापरावेत. हे लक्षात ठेवले तर एक गैरसमज दूर होतो. छपरावरून स्लेटी पडू लागल्या म्हणजे दगड म्हातारा झाला, असे लोक समजतात. वस्तुतः पुष्कळदा म्हातारा झालेला असतो तो खिळा.

जमिनीवरून पाहणी

स्लेटच्या छपराची पहिली पाहणी छपरावर चढून करू नये. माणसाच्या पायाखाली जितक्या स्लेटी फुटतात, तितक्या गारांनीही फुटत नसतील. अंगणात, इमारतीपासून थोडे दूर उभे राहावे. सकाळचे अथवा संध्याकाळचे तिरपे ऊन पडलेले असावे. दुर्बीण मिळाल्यास उत्तम. एका पाख्याची एकेक ओळ वळचणीपासून आढ्याकडे, वाचताना डोळा फिरवतो तशी पाहत जावी.

सरकलेल्या स्लेटीच्या दोन खुणा एकदम दिसतात. तिचा खालचा काठ ओळ सोडून खाली उतरलेला असतो. आणि ती जेथून सरकली, तेथे वरच्या बाजूला वेगळ्या रंगाचा चौकोन उघडा पडतो. मघाशी सांगितले की अर्ध्याहून अधिक स्लेट झाकलेली असते. झाकलेल्या भागावर ऊन-पाऊस पडलेला नसतो, शेवाळ आलेले नसते, म्हणून तो ताजा व गडद दिसतो. स्लेट सरळ खाली आली असेल तर दोन्ही खिळे गेले असे समजावे. ती तिरकी होऊन एका कोपऱ्यावर लोंबत असेल तर एक खिळा गेला आहे आणि दुसऱ्यावर सगळा भार आहे. अशी स्लेट सर्वांत धोक्याची.

तुटलेल्या स्लेटीची खूण निराळी असते. तिचा खालचा तुकडा नाहीसा झालेला असतो, परंतु वरचा भाग खिळ्यांना धरून असतो. काठ सरळ न दिसता दातेरी दिसतो आणि तुकडा वळचणीखाली किंवा पन्हळीत सापडतो.

नुसता तडा गेलेली स्लेट ओळखणे सर्वांत अवघड असते, कारण ती जागेवरच असते. तिच्यासाठी पावसाची मदत घ्यावी. पाऊस थांबून ऊन पडल्यावर तासाभराने छप्पर पाहावे. निर्दोष स्लेटीचा पृष्ठभाग वाळून फिकट झालेला असतो, परंतु तड्यात शिरलेले पाणी उशिरा वाळते व तेथे काळी ओली रेघ दिसते. रेघ भोकापासून निघून खाली येत असेल तर खिळा आवळून ठोकला गेला होता. रेघ मधोमध आडवी असेल तर कोणाचा तरी पाय पडला असावा किंवा वरून काही आदळले असावे. डोंगराळ भागात गारा, झाडाच्या फांद्या आणि माकडे या तिन्ही गोष्टी त्याला कारण होतात.

यानंतर आतून पाहणी करावी. रिपांचे छप्पर असेल आणि माळा उघडा असेल, तर भर दुपारी आत अंधार करून वर पाहावे. उजेडाचे ठिपके दिसतील तेथे खूण करावी. मात्र फळ्यांचे छप्पर असेल तर उजेड दिसणार नाही. तेथे फळ्यांवरील डाग पाहावेत. डागाच्या थेट वर दोष असेल असे मानू नये. पाणी फळीच्या उतारावरून खाली वाहत येते आणि बऱ्याच अंतरावर थेंबते. म्हणून डागापासून चढाच्या दिशेने शोध घ्यावा. आत आलेली खिळ्यांची टोके गंजून फुगली असतील आणि हाताने हलवताच तुटत असतील, तर ती मोठी सूचना आहे.

एक उदाहरण

आता हिशेबासाठी एक काल्पनिक शाळा घेऊ. तिच्या छपराला दोन पाखी आहेत. प्रत्येक पाखे १२ मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे एकूण छप्पर १२० चौरस मीटर. स्लेटी ५०० बाय २५० मिलिमीटरच्या, ६ मिलिमीटर जाडीच्या आणि चढ ७५ मिलिमीटरचा. प्रत्येक स्लेटीचा २१२ बाय २५० मिलिमीटर भाग उघडा राहतो. त्यावरून छपरावर सुमारे २,२६० स्लेटी आहेत असा हिशेब निघतो. एक स्लेट सुमारे दोन किलोची, म्हणजे सगळा भार साडेचार टनांहून थोडा अधिक. डोंगरी गावात १२ मिलिमीटर जाडीच्याही स्लेटी असतात. तशा असतील तर भार दुप्पट होतो.

समजा, मुख्याध्यापकांनी तीन वर्षे नोंद ठेवली आहे. पहिल्या वर्षी ५ स्लेटी सरकल्या, दुसऱ्या वर्षी १२, तिसऱ्या वर्षी ३०. तडकलेल्या मात्र दरवर्षी तीन-चारच आढळल्या. या आकड्यांकडे पाहा. तडे वाढत नाहीत, सरकणे मात्र दरवर्षी दुपटीहून अधिक होत आहे. शिवाय सरकलेल्या स्लेटी एका कोपऱ्यात नसून दोन्ही पाख्यांवर विखुरलेल्या आहेत. एकाच जागी असत्या तर तेथील रीप कुजली असावी असे म्हणता आले असते. विखुरलेल्या आहेत, त्या अर्थी एकाच वेळी ठोकलेले सगळे खिळे एकदमच आयुष्याच्या शेवटास आले आहेत.

हा तर्क खात्रीने ठरवण्यासाठी निरनिराळ्या जागांच्या दहा स्लेटी कारागिराकडून काढून घ्याव्यात. प्रत्येक स्लेट ठोकून ऐकावी आणि प्रत्येक खिळा मध्यावर पाहावा. समजा, नऊ स्लेटी स्वच्छ वाजल्या आणि वीसपैकी चौदा खिळे निम्म्याहून बारीक झालेले आढळले. मग निर्णय स्पष्ट आहे. एकेक स्लेट बसवत राहण्यात अर्थ नाही, कारण पुढील वर्षी आणखी कितीतरी सरकतील. सगळे छप्पर उतरवून, रिपा तपासून, त्याच स्लेटी नव्या खिळ्यांनी बसवाव्यात. दहात एक स्लेट निकामी निघेल असे धरले, तर सव्वादोनशेच्या आसपास नव्या लागतील. म्हणजे सर्वांत मोलाचा माल पंचायतीच्या घरचाच आहे. ज्यांचे भोकाजवळचे टोक फुटले असेल, त्या लांबीने कापून आढ्याजवळच्या आखूड ओळींत वापरता येतात.

नोंद उलट असती तर? सरकलेल्या थोड्या आणि स्लेटींच्या पाठीवर पापुद्रे, पांढरी भुकटी व बद्द आवाज असे आढळले असते, तर दोष दगडाचा ठरला असता. तेथे नवे खिळे मारणे म्हणजे कुजक्या कापडाला नवा दोरा लावणे होय.

एकट्या स्लेटीची दुरुस्ती

जेथे बाकीचे छप्पर मजबूत आहे आणि चार-दोन स्लेटीच गेल्या आहेत, तेथे अडचण अशी असते की खिळ्यांच्या जागेवर वरच्या ओळीतील स्लेट आलेली असते. हातोडा तेथे पोहोचत नाही. यासाठी कारागिराजवळ लोखंडाची लांब चपटी पट्टी असते. तिच्या टोकाला दोन्ही बाजूंना आकडे असतात. ती स्लेटीखाली सरकवून जुना खिळा आकड्यात पकडतात आणि मुठीवर हातोडा मारून खिळा तोडतात. तुटकी स्लेट अशी मोकळी होते.

नंतर तांब्याची सुमारे २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी घेऊन तिचे वरचे टोक खालच्या दोन स्लेटींमधील फटीतून रिपेवर ठोकतात. त्या पट्टीवरून नवी स्लेट वर सरकवतात आणि पट्टीचे खालचे टोक स्लेटीच्या काठावर दुमडून आकड्यासारखे करतात. शिशाची पट्टीही वापरली जाते, परंतु जेथे बर्फ पडते तेथे ती योग्य नव्हे. घसरणाऱ्या बर्फाच्या भाराने मऊ शिसे सरळ होते आणि स्लेट पुन्हा सुटते.

वरून डांबर किंवा सिमेंट फासणे हा उपाय मात्र टाळावा. त्याने गळती काही काळ थांबलीशी वाटते, पण आत शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट बंद होते व लाकूड कुजते. शिवाय एकमेकींना चिकटलेल्या स्लेटी पुढे सुट्या करता येत नाहीत. पुन्हा वापरता आला असता असा माल त्यामुळे वाया जातो.

भार आणि सुरक्षितता

४ एप्रिल १९०५ रोजी पहाटे कांगड्यात झालेल्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीच्या व कच्च्या भिंती आणि त्यांवर जड छपरे, अशी पुष्कळ घरे होती. भिंत फाकली की छपराचा भार खाली आला. म्हणून स्लेटचे छप्पर ठेवायचे असेल, तर कैच्या एकमेकींना तिरप्या दांड्यांनी जखडलेल्या आणि भिंतीच्या माथ्यावरील सलग पट्ट्याला बांधलेल्या आहेत की नाहीत, हे पाहणे दगड पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

पत्र्याचा विचार करणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साडेचार टनांचे छप्पर उतरवून तेथे जेमतेम पाऊण टनाचा पत्रा आला, की भिंतीवरील ओझे उतरते हे खरे. परंतु पूर्वी वासे निव्वळ भारामुळे जागेवर बसले असतील, तर आता वादळात पत्रा वाशांसकट उचलला जाऊ शकतो. तेव्हा वासे भिंतीला बोल्टने बांधल्याशिवाय पत्रा घालू नये.

आणि शेवटी रोजच्या व्यवहारातील गोष्ट. दोन किलोची स्लेट वळचणीवरून पडते, ती काठावर, कुऱ्हाडीसारखी. तिरकी लोंबणारी एक जरी स्लेट दिसली, तरी त्या पाख्याखाली, भिंतीपासून निदान तीन मीटरपर्यंत, दोरी बांधावी आणि मुलांची ये-जा दुसऱ्या दाराने ठेवावी. कारागिरानेही ओल्या छपरावर चढू नये. आढ्यावर आकडा अडकवलेल्या शिडीवरूनच काम करावे.

आपण तेथे जाल तेव्हा एखाद्या शाळेत तीन रकान्यांची वही आहे काय, हे अवश्य विचारा. पहिल्या रकान्यात तारीख आणि पाखे, दुसऱ्यात सरकलेल्या स्लेटी, तिसऱ्यात तुटलेल्या व तडकलेल्या. वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि बर्फ वितळल्यानंतर, दहा मिनिटांत ती भरता येते. वही नसेल तर मुख्याध्यापकांबरोबर अंगणात उभे राहून पहिली नोंद आपणच करून या. खिळा गेला आहे की दगड, याचे उत्तर दोन-तीन वर्षांत त्या वहीतूनच मिळेल.